उभी पट्टी, आडवी पट्टी

गणित शिकवणाऱ्या माणसानं थोडं आळशी असावं, असं माझं मत आहे. घरकामातला आळस मी म्हणत नाही, तो मला कधी परवडला नाही. पण जे काम पाच ओळींत होतं त्याला पाच पानं लावणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग येतो. अख्खी नोकरी मी कल्याणच्या एका कॉलेजात हेच ओरडत घालवली. मुलं माझ्यामागे मला काय म्हणायची ते मला माहीत आहे, आणि त्यातलं एक नाव चांगलं चपखल होतं, हे मी मान्य करते.

निवृत्त झाल्यावर शिकवण्या घ्यायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात दर तिसऱ्या इमारतीवर क्लासची पाटी आहे, त्यात माझी भर कशाला? मी सकाळी फिरायला जात होते, भाजी स्वतः निवडून आणत होते आणि नवऱ्याशी भांडायला मला पहिल्यांदाच भरपूर वेळ मिळत होता. तो बँकेतून माझ्या आधी निवृत्त झालेला, त्यामुळे त्याचा सराव माझ्यापेक्षा जास्त होता.

अशात कॉलेजातल्या माझ्या जुन्या सहकारी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "एक मुलगी आहे. विठ्ठलवाडीला राहते. पहिल्या वर्षाचा कॅल्क्युलसचा पेपर राहिलाय. बाकी सगळं चांगल्या मार्कांनी सुटलंय, दुसरं वर्षसुद्धा. पण हा एक पेपर दोनदा गेला, म्हणून तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही. वर्षभर घरी बसून आहे."

"मग द्यावा परत," मी म्हटलं.

"अहो, अभ्यासक्रम बदलला ना. जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. आता गेला तर पहिल्या वर्षापासून नव्यानं सुरुवात. आणि ती म्हणते, तसं झालं तर मी शिकणं सोडणार. घरच्यांना आणखी तीन वर्षं थांबा म्हणायचं तोंड नाही माझ्याकडे."

दोन वर्षांची मेहनत एका पेपरापायी पाण्यात जाणार, हे ऐकून माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. मी म्हटलं, पाठवा.

ती आली ती वेळेच्या आधी. काटकुळी, केसांची घट्ट वेणी, हातात कापडी पिशवी. चप्पल दाराबाहेर काढून ती अशी उभी राहिली, जणू मी तोंडी परीक्षाच घेणार आहे. नवऱ्यानं तिला पाणी दिलं, ते ती उभ्यानंच प्यायली. मी तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि विचारलं, कुठे अडतं? ती म्हणाली, "कुठेच नाही मॅडम. वेळ पुरत नाही."

हे उत्तर मी हजारदा ऐकलेलं आहे. वेळ पुरत नाही म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा गणित येत नसतं. मी मनात म्हटलं, बघू या. आणि तिला भरीव आकाराचं घनफळ काढायचं एक उदाहरण दिलं.

हा प्रकार ज्यांनी कधी केला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कागदावर एखादा सपाट तुकडा काढायचा आणि तो एका रेषेभोवती, म्हणजे अक्षाभोवती, पूर्ण फिरवायचा. चाकावर मडकं घडतं तसा त्यातून एक गोल गरगरीत आकार तयार होतो. त्याचं घनफळ किती, हा प्रश्न. मी दिलेला तुकडा होता वाय बरोबर एक्स वजा एक्सचा घन, शून्यापासून एकापर्यंत. म्हणजे आडव्या अक्षावर बसलेली एक छोटी टेकडी. ती फिरवायची होती उभ्या, वाय-अक्षाभोवती.

तिनं क्षणभरही विचार केला नाही. लिहिलं, अक्ष वाय, म्हणून डीवाय. म्हणजे आकाराचे आडवे काप घ्यायचे. प्रत्येक काप म्हणजे मधे भोक असलेली चकती, नळाच्या वॉशरसारखी, म्हणून या पद्धतीला वॉशर म्हणतात. बाहेरच्या त्रिज्येचा वर्ग वजा आतल्या त्रिज्येचा वर्ग, गुणिले पाय (π), गुणिले जाडी, आणि मग सगळ्या चकत्यांची बेरीज. पद्धत अगदी बरोबर आहे. पण त्यासाठी टेकडीच्या दोन्ही उतारांवर एक्स किती ते वायमध्ये मांडावं लागतं, आणि इथे ते म्हणजे घनसमीकरण सोडवणं. मी म्हटलं, आता ही थांबेल.

ती थांबली नाही. तिनं ते घनसमीकरण कोसाइन वापरून सोडवायला घेतलं. कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत हे. मी चहा टाकून आले, नवऱ्यानं मटार सोलून संपवले, आणि ती खाली मान घालून लिहीतच होती. ओठ घट्ट मिटलेले. पान भरलं, दुसरं भरलं. चहावर साय धरली.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"कोणी नाही. नेटवर शोधलेलं. पहिल्या वेळी पेपरात असंच आलेलं ना, तेव्हा येत नव्हतं. म्हणून नंतर शिकले. दुसऱ्या वेळी आलं, पण तोवर बेल झाली."

मला इतका राग आला आणि इतकं कौतुक वाटलं, की त्यातलं आधी कुठलं बाहेर काढावं हेच कळेना. नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर आला. "अगं बाई, काखेत कळसा आणि गावाला वळसा! अक्ष वाय म्हणून डीवायच, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"क्लासमध्ये सरांनी सांगितलेलं. ज्याच्याभोवती फिरवायचं त्याचंच डी. तसंच पाठ करा, म्हणजे गडबड होत नाही."

गडबड होत नाही! या एका वाक्यानं किती पोरांचं वाटोळं झालं असेल, देव जाणे. तसं केलं की उत्तर चुकत नाही, हेच त्यातलं वाईट. चुकलं असतं तर कुणीतरी कान पकडला असता. इथे रस्ता बरोबरच असतो, फक्त घाटातून जातो.

मी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. टेकडीचं चित्र पुन्हा काढलं आणि त्यात एक बारीक उभी पट्टी काढली, तळापासून माथ्यापर्यंत. म्हटलं, ही पट्टी वाय-अक्षाभोवती फिरव. काय झालं? ती म्हणाली, नळी. बरोबर. वरखाली उघडी, पातळ पत्र्याची नळी. तिला शेल म्हणतात. बाहेर मोठी नळी, तिच्या आत लहान, तिच्या आत आणखी लहान, फडताळातले डबे एकात एक घालून ठेवतो तसा सगळा आकार भरतो. आता एक नळी उभी काप आणि उलगड. आयताकृती पत्रा होतो. त्याची लांबी म्हणजे परीघ, दोन पाय एक्स. उंची म्हणजे टेकडीची उंची, एक्स वजा एक्सचा घन, ती तर फुकटच दिलेली आहे. जाडी डीएक्स. गुणाकार कर आणि शून्य ते एक बेरीज कर.

तिनं केलं. एक्सचा वर्ग वजा एक्सचा चौथा घात. एक तृतीयांश वजा एक पंचमांश. दोन पंधरांश, गुणिले दोन पाय. चार पाय भागिले पंधरा. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल. अशा वेळी मुलांचे डोळे चमकतात, आणि त्या चमकेसाठीच आम्ही आयुष्यभर खडूची धूळ खातो. ती नुसती कागदाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "एवढंच?"

"एवढंच."

"पण मॅडम, याला मार्क देतात पूर्ण?"

मी हसले. नवरा आतून म्हणाला, "तिला शिरा दे आधी, गणित पळून जात नाही."

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. मी तिला सगळ्यात आधी एकच सवय लावायला घेतली. अक्षाकडे नंतर बघायचं, आधी तुकडा बघायचा. त्यात एक पट्टी उभी काढायची, एक आडवी. कुठली पट्टी एका वळणाला, म्हणजे तुकड्याच्या एका बाजूच्या रेषेला, सुरू होऊन दुसऱ्या वळणाला नीट संपते, मधेच कुठे तिचा नियम बदलत नाही, ते बघायचं. कुठल्या पट्टीची लांबी दिलेल्या सूत्रातून सरळ मिळते, ते बघायचं. ती पट्टी निवडायची. मगच अक्षाकडे वळायचं. पट्टी अक्षाला काटकोनात असेल तर वॉशर, समांतर असेल तर शेल. निवड आपण करायची, अक्षानं नाही.

एकदा मी तिला मुद्दाम उलटं उदाहरण दिलं, ई-चा एक्स घात, शून्य ते एक, एक्स-अक्षाभोवती. कारण शेलचा नाद लागला तर तोही घातकच. तिथे आडव्या पट्ट्या घेतल्या तर आकार दोन भागांत तोडावा लागतो, वर लॉगरिदम येऊन बसतो. उभी पट्टी घेतली, की सरळ भरीव चकती. वर्ग केला, इंटिग्रेट केलं, म्हणजे तीच बेरीज, ई-चा वर्ग वजा एक, भागिले दोन, गुणिले पाय, संपलं. तिला ते पटकन समजलं. कुठलीही गोष्ट तिला पटकन समजायची. पण समजणं वेगळं आणि करणं वेगळं, हे मला तिनं शिकवलं.

कारण मी शेजारी असले की ती पट्टी काढायची. मी स्वयंपाकघरात गेले की परत येईपर्यंत तिची गाडी घाटाला लागलेली. पुन्हा डीवाय, पुन्हा घनसमीकरण, पुन्हा ते मिटलेले ओठ. घरून करून आणलेली उदाहरणंही तशीच. उत्तर बरोबर, पानं चार. मी समजावून सांगितलं, चिडून सांगितलं, गोड बोलून सांगितलं. ती "हो मॅडम" म्हणायची आणि पुढचं उदाहरण पुन्हा अवघड बाजूनं धरायची. सरळ घास तोंडात घालायचा सोडून डोक्यामागून हात नेण्याची ही कसली हौस, मला कळेना.

परीक्षा जवळ आली तसा माझा धीर सुटायला लागला. खरं सांगते, मला तिची झोप उडवायची होती आणि माझी उडाली. डोळ्यांसमोर दिसायचं, ही पोरगी पेपरात एका प्रश्नाशी झुंजते आहे आणि बाकीचे कोरे राहिले आहेत. एका रविवारी मी तिला दोन रेषांमधला एक तुकडा दिला. एका बाजूनं वाय बरोबर एक्सचं वर्गमूळ, दुसऱ्या बाजूनं दोन वजा एक्सची सरळ रेघ, खाली एक्स-अक्ष. फिरवायचा एक्स-अक्षाभोवतीच. तिनं उभ्या पट्ट्या घेतल्या. तुकड्याचं टोक मधे, एक्स बरोबर एकपाशी येतं, म्हणून तिला तिथे आकार तोडावा लागला. दोन वेगवेगळी इंटिग्रेशन. आडवी पट्टी घेतली असती तर ती डावीकडच्या वळणावर सुरू होऊन उजवीकडच्या रेघेवर संपली असती, एकाच दमात. हा काही मोठा फरक नव्हता, पण माझा संयम संपला. मी टेबलावर हात आपटला.

"तुला नापासच व्हायचंय का?"

ती दचकली नाही. पेन खाली ठेवलं.  नवरा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, त्यानं पान उलटणंसुद्धा थांबवलं.

"मॅडम, सोपं केलं ना, की मला चोरी केल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

"चोरी? कुणाची?"

"आमच्या घरात बाबा एकच सांगतात. आपल्याला लोक दुप्पट तपासतात, म्हणून आपण दुप्पट करायचं." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पहिल्या वर्षाला अ‍ॅडमिशन घेतलेलं तेव्हा माझा नंबर ओपनच्या लिस्टमध्येच आलेला, मार्कांवर. तरी वर्गातला एक जण सगळ्यांसमोर बोलला, तुमचं काय बाबा, तुमच्या लोकांना सगळं सोपंच असतं. सगळे हसले. मी काही बोलले नाही. पण तेव्हापासून कुठलाही प्रश्न समोर आला ना, की मी त्यातली अवघड बाजूच धरते. कोणी माझा पेपर उघडला तर त्याला दिसायला पाहिजे, की हिनं सोपं काहीच घेतलं नाही."

हे तिनं रडत सांगितलं असतं तर मला काहीतरी करता आलं असतं. तिनं ते पत्ता सांगावा तसं सांगितलं. ते वाक्य मला नवीन नव्हतं. स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, आमच्याच सोसायटीच्या जिन्यात मी ते वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. बोलणारा बोलून पुढे गेलेला असतो, जेवून झोपलेला असतो. आणि इकडे एक पोर त्याच्या एका वाक्यापायी दोन वर्षं घनसमीकरणं सोडवत बसली होती. मला त्या न पाहिलेल्या मुलाचा असा संताप आला, की तो समोर असता तर मी त्याला वर्गाबाहेर काढून दाराला कडी घातली असती.

उपदेश करायचा मोह मला झाला होता, तो मी आवरला. उपदेशानं माझंच समाधान झालं असतं. मी म्हटलं, "बरं. तुझ्या बाजूनं पूर्ण कर हे."

तिनं केलं. शून्य ते एक, पाय भागिले दोन. एक ते दोन, पाय भागिले तीन. बेरीज पाच पाय भागिले सहा.

"आता आडव्या पट्टीनं."

पट्टीची लांबी दोन वजा वाय वजा वायचा वर्ग, परीघ दोन पाय वाय. वाय शून्य ते एक. एक वजा एक तृतीयांश वजा एक चतुर्थांश, म्हणजे पाच बारांश. गुणिले दोन पाय. पाच पाय भागिले सहा.

"आता मला सांग," मी म्हटलं, "यातलं कुठलं उत्तर जास्त मेहनती?"

तिनं पेनाचं टोक दोन्ही उत्तरांवर आळीपाळीनं टेकवलं.

"उत्तराला कळत नाही तू कुठून आलीस. तपासणाऱ्यालाही विचारायचा हक्क नाही. आणि पट्टी बघून निवडणं हे सोपं नाही गं. तुझ्या क्लासच्या सरांना कुठे जमलं ते? ज्याला दोन्ही रस्ते येतात त्यालाच निवडता येतं. ज्याला एकच येतो तो नुसता चालतो."

 निघताना तिनं तो कागद मागून घेतला आणि पिशवीत घातला. दार लावल्यावर नवरा म्हणाला, "तू आज पहिल्यांदा कमी बोललीस." मी त्याला म्हटलं, मटार संपलेत, जाऊन आण.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. माझ्या स्वतःच्या परीक्षांना मी पोटभर पोहे खाऊन जायचे. दुपारी पेपर सुटायची वेळ होऊन गेली, फोन आला नाही. मी तिला फोन लावायचा नाही असं ठरवलं आणि तीनदा लावला. बंद. संध्याकाळी ती स्वतःच दारात उभी. कॉलेजातून थेट ठाण्याला आलेली.

"आला," ती आत यायच्या आधीच म्हणाली. "डोंगर आला. तीन एक्स वजा एक्सचा घन. वाय-अक्षाभोवती."

मी दारातच विचारलं, "मग?"

"हातानं सवयीनं लिहिलं मॅडम, पाय इंटिग्रल, डीवाय. मग थांबले. दोन्ही पट्ट्या काढल्या. आडवीला एक्स कुठून आणणार? मग त्या ओळीवर एक रेघ मारली आणि उभी घेतली. बारा वर्गमूळ तीन पाय भागिले पाच. पाच मिनिटं पण लागली नाहीत."

मी मनातल्या मनात हिशेब केला. शून्यापासून वर्गमूळ तीनपर्यंत, तीन वर्गमूळ तीन वजा नऊ वर्गमूळ तीन भागिले पाच, गुणिले दोन पाय. बरोबर. मी खुर्चीवर बसले. नवऱ्यानं तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली आणि माझ्यापुढेही ठेवली.

"बाकीचे प्रश्न?"

"सगळे झाले. वेळ उरला." ती पोहे खात होती, मान वर न करता. "मग मी पुरवणी घेतली."

"पुरवणी कशाला?"

"त्याच प्रश्नाला. दुसऱ्या पद्धतीनं. एक्स बरोबर दोन कॉस थीटा घेतलं ना, की वाय बरोबर वजा दोन कॉस तीन थीटा होतं. दोन्ही उतार एकाच इंटिग्रलमध्ये आले. एका पानात झालं मॅडम! उत्तर तेच."

मी कपाळावर हात मारला. एक प्रश्न दोनदा सोडवला, तपासणारा खडूस निघाला तर कुठलं खरं धरू म्हणून घोळ घालेल, हे मला दिसायला लागलं. मी ते बोललेही, बऱ्याच मोठ्या आवाजात. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"वर लिहिलंय मी, हे फक्त पडताळ्यासाठी. मार्क पहिल्याचेच द्या." मग ती म्हणाली, "पहिली पेपरासाठी केली. ही माझ्यासाठी केली. आवडते मला."

हे मला सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस समजत होते की ती घनसमीकरणं म्हणजे तिच्या पाठीवर कुणीतरी ठेवलेलं ओझं आहे. ते तसं होतंच. पण त्याच्या खाली एक साधी आवड होती, आणि ती तिला त्या दिवशी वेळ उरल्यामुळे सापडली. मी उठून आत गेले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि माझी तशी ख्याती नाही.

निकाल लागेपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते नवऱ्याला विचारा. आमटीत दोनदा मीठ, चहात एकदाही साखर नाही. माझ्या जुन्या सहकारी बाईंना मी इतके फोन केले, की शेवटी त्या म्हणाल्या, निकाल लागला की मीच कळवते, तुम्ही आता फोन करू नका.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन आली. पास झाली होती, आणि काठावर नव्हे, चांगल्या मार्कांनी. तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचं सकाळीच विचारून आली होती. वडील उंच, इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. एका कारखान्यात पाळीवर काम करतात, त्या दिवशी रजा टाकून आले होते. हातात पेढ्यांचा पुडा होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. म्हणाले, "मॅडम, फार कष्ट घेतले तुम्ही. पोरीनंही फार कष्ट केले." कष्ट हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की तो त्यांचा घरचा माणूस आहे हे कळत होतं.

सगळे बसलो.  मग माझा नवरा, ज्याला शांतता सहन होत नाही, तिला म्हणाला, "शेवटचाच चान्स होता, फार अवघड पेपर काढला असेल, नाही का गं?"

तिनं लगेच उत्तर दिलं नाही. एकदा वडिलांकडे बघितलं. मग सरळ बसली.

"नाही काका. सोपा होता," ती म्हणाली. "मला येत होतं."

 वडील तिच्याकडे बघत राहिले. ती पुढे काही जोडेल, सावरून घेईल, म्हणून ते वाट बघत असावेत. तिनं काही जोडलं नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हळूहळू सैल होत गेलं, खांदे खाली आले, आणि आल्यापासून पहिल्यांदाच ते खुर्चीला पाठ टेकून बसले. "सोपा होता म्हणते," ते मला म्हणाले, आणि तेच पुन्हा एकदा स्वतःशी म्हणाले. त्यांना हसूही येत होतं आणि रडूही. मी पुडा उघडून पहिला पेढा त्यांच्याच हातावर ठेवला.